कॅरोसेलवर नृत्यापुढे वेळ छापू नका

ताईंनी आपल्या भरतनाट्यमच्या वर्गाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण, म्हणजे इन्स्टाग्रामवर एकेक सरकवत पाहायच्या स्लाइड्सचं कॅरोसेल, माझ्यावर सोपवलं, तेव्हा मला डिझाइनचं ॲप चालवता येत होतं, बाकी काही नाही. ॲपमधली तयार टेम्पलेट्स दिसतात छान, पण ती लग्नासाठी बनवलेली असतात. त्यांत नऊ-दहा नृत्यांचा क्रम मावत नाही. कोरी स्लाइड घ्या, १०८० बाय १३५० ची, आणि सगळ्या त्याच मापाच्या ठेवा.

आता माझी चूक. कार्यक्रमाच्या क्रमाची स्लाइड करताना मी प्रत्येक नृत्यापुढे मिनिटांसकट वेळ छापली. हिशोब चोख होता. ६ वाजता सुरुवात, दीपप्रज्वलनाला १० मिनिटं, मग पुष्पांजली ४, अलारिपू ५, जतिस्वरम ८, आणि प्रत्येक नृत्यानंतर निवेदनाला २. म्हणजे बालवर्गाचं गणेश कौतुवम ६:३३ ला. मी ६:३५ छापलं, थोडी सैल वेळ दिली म्हणून स्वतःवरच खूश.

त्या दिवशी जतिस्वरममधल्या दोन मुलींना ताप आला. रांगा पुन्हा बसवायला वेळ हवा म्हणून ताईंनी ते नृत्य दुसऱ्या भागात ढकललं. कौतुवम ६:२३ ला सुरू होऊन ६:२९ ला संपलं. मांजलपूरहून एक आजोबा ६:३० ला, छापलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी, दारात उभे. मला म्हणाले, "अगं, आमची चिमणी आता येईल ना?" चिमणी तेव्हा मेकअप रूममध्ये घुंगरू सोडत होती.

कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर लोक कुरकुरतात आणि बसतात. लवकर उरकलेलं नृत्य मात्र परत दाखवता येत नाही. क्रम तर हलतोच. एकच मुलगी दोन नृत्यांत असते, तिचा पोशाख बदलायला पंधरा मिनिटं लागतात, एखादं दागिन्याचं हूक तुटतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, वेळ छापली की अर्धी कुटुंबं फक्त आपल्या मुलीपुरती येतात आणि शेवटाकडच्या तिल्लान्याला सभागृह रिकामं.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. तुम्ही पाच स्लाइड्स केल्या तरी मावशी-काकांना एकच पोहोचते. आईबाबा क्रमाची तेवढी स्लाइड व्हॉट्सॲपवर पुढे पाठवतात, तिच्यावर ना तारीख ना सभागृह. दुरुस्तीही होत नाही. इन्स्टाग्रामवर टाकल्यावर चित्राखालचा मजकूर बदलता येतो, चित्र नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणारं तर कुणाच्याच हातात नसतं. म्हणून आता प्रत्येक स्लाइडच्या तळाशी तारीख, सभागृह आणि सुरुवातीची वेळ पुन्हा लिहिते. वेळ इंग्रजी आकड्यांत. बडोद्यात वर्गातली निम्मी मुलं गुजराती घरची, त्यांच्या बांना मराठी आकड्यांशी झगडायला का लावा?

क्रम मी आता दोन भागांत देते. पहिल्या भागात पुष्पांजली ते शब्दम, दुसऱ्यात वर्णम, पदम, अभंग, तिल्लाना, मंगलम. नावापुढे फक्त अनुक्रमांक आणि गट. वर एकच ओळ: "पहिला भाग 6:00 पासून, दुसरा साधारण 7:15 पासून. क्रम बदलू शकतो, सुरुवातीपासून यावे." दोन्ही भाग आणि मधला सत्कार मिळून हिशोब दोन तास दहा मिनिटांचा होतो. मी शेवट 8:30 छापते. घाबरू नका, वीस मिनिटं शिल्लक राहिली म्हणून कुणी रागावलेलं नाही.

मुलींनी कधी यायचं ते या कॅरोसेलमध्ये टाकूच नका. "3:30, मेकअप करून" ही ओळ एकदा सार्वजनिक स्लाइडवर गेली आणि एक आजी साडेतीनला शाल घेऊन हजर. ते पालकांच्या गटात वेगळं पाठवा, खाऊन यायचं आणि घुंगरू पिशवीत नाव लिहून आणायचे, या सूचनांसकट. पाहुण्यांच्या स्लाइडवर पार्किंग, दार किती वाजता उघडणार आणि वर्णम चालू असताना आत सोडणार नाही, एवढंच. वर्णम अर्ध्या तासाचं असतं, म्हणून हे ठळक अक्षरांत.

नर्तिकांच्या स्लाइडसाठी नावं पालकांकडून लिहून घ्या, ऐकून लिहू नका. लहान मुलींचं इन्स्टाग्रामवर फक्त पहिलं नाव, फोटो विचारूनच. आणि सयाजीराव महाराजांच्या राणीबरोबर तंजावरहून नर्तकी आल्या, ही गोष्ट निवेदकाला सांगू द्या. एक ज्येष्ठ मला दर वर्षी तिची वेगळी स्लाइड करायला सांगतात. मी हो म्हणते आणि करत नाही.

पाठवण्याआधी क्रमाची एकटी स्लाइड अशा घरी दाखवा, जिथं कुणाला वर्गाबद्दल काहीच ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंनी यंदा चष्मा न लावता वाचली आणि विचारलं, "कौतुवम म्हणजे कुणाचं?" मी पुढे "बालवर्ग" लिहिलं आणि अक्षर मोठं केलं.