मोबाईलवर फोटो काढता, मग लाईट आणि कंपोझिशनचं पुस्तक कसं वाचायचं

फोटोग्राफीचं पुस्तक घ्यायचं ठरवलं की बहुतेक जण आधी एक्स्पोजरवरचं घेतात आणि तिथेच गाडी अडते, कारण त्यात निम्मी पानं अपर्चरवर, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकावर असतात आणि आपल्या बहुतेक फोनमध्ये अपर्चर फिक्स असतं, बदलताच येत नाही. पुस्तक चांगलंच असतं हो, पण ते आपल्यासाठी नसतं. फोनवाल्याने सुरुवात लाईटपासून करावी, कारण खिडकीतनं येणारा उजेड फोनला आणि दोन लाखाच्या कॅमेऱ्याला सारखाच.

पहिलं पुस्तक माझ्या मते 'लाईट: सायन्स अँड मॅजिक'. फिल हंटर, स्टीव्हन बायव्हर आणि पॉल फुक्वा यांचं, पहिली आवृत्ती 1990 ची, त्यानंतर नवीन आवृत्त्या येत गेल्यात. जुनी सेकंडहँड मिळाली तरी बिनधास्त घ्या, प्रकाशाचे नियम काही बदललेले नाहीत. आतले फोटो स्टुडिओतल्या लाईटचे आहेत त्यामुळे पहिल्यांदा जरा घाबरायला होतं, पण जिथे सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करायला लाईटवर लावतात तो पांढऱ्या कापडाचा डबा, लिहिलंय तिथे खिडकी आणि पांढरी चादर असं वाचत जायचं.

पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचू नका. आधी दोनच गोष्टी पकडा. एक म्हणजे लाईटचा आकार: वस्तूच्या मानाने उजेडाची जागा मोठी असेल तर सावलीची कड मऊ, छोटी असेल तर कडक. टेबलावर वाटी ठेवून खिडकीजवळ एक फोटो काढा, मग वाटी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन एक, आणि सावलीची कड झूम करून बघा. खिडकी तीच, पण लांबून ती वाटीला लहान 'दिसते', म्हणून कड जास्त स्पष्ट येते. हे करताना थेट ऊन नको आणि घरातले बाकीचे दिवे बंद ठेवा, नाहीतर दोन-तीन सावल्या पडतात आणि काहीच कळत नाही.

दुसरी गोष्ट पुस्तकात 'फॅमिली ऑफ अँगल्स' नावाने येते. चकचकीत वस्तूवर उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परत फिरतो, म्हणजे फोनकडे उलटून येणारी चमक खोलीतल्या ठराविक पट्ट्यातूनच येते. समजा भिंतीवर आजी-आजोबांचा काच लावलेला फोटो आहे आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढायचाय, तर दर वेळी काचेवर खिडकी उमटते. फोन जागेवर धरा, दुसऱ्या कुणालातरी एक छोटा आरसा काचेला सपाट टेकवून चारही कोपऱ्यांत आणि मध्ये फिरवायला सांगा आणि तुम्ही स्क्रीनवर त्या आरशात बघा. आरशात जे जे दिसतं तेच काचेवर चमकणार. खिडकी दिसली तर पडदा ओढा किंवा फ्रेम उतरवून खिडकीला काटकोनात ठेवा म्हणजे उजेड बाजूने येईल. तुमचा पांढरा शर्ट दिसला तर गडद घाला (मागची भिंत उजळ असेल तर तिच्यावर गडद चादर).

इथे फोनची एक खोड आहे जी पुस्तकात सापडणार नाही. मेन लेन्स वाईड असते, म्हणून आपण फ्रेमच्या अगदी जवळ जातो आणि तो चमकेचा पट्टा खूप रुंद होतो, एक कोपरा वाचवला की दुसरा चमकतो. 2x किंवा 3x करून मागे सरका, पट्टा अरुंद होतो आणि फ्रेमच्या कडा फाकल्यासारख्या दिसत नाहीत. स्टीलचा डबा काढताना मात्र बरोबर उलटं करायचं, त्या पट्ट्यात मुद्दाम पांढरी चादर धरायची, नाहीतर डबा काळपट आणि डागाळलेला येतो.

मग कंपोझिशन. 'द फोटोग्राफर्स आय' ऑर्डर करताना लेखकाचं नाव बघा, कारण या नावाची दोन पुस्तकं आहेत. जॉन शारकोव्स्कींचं 1966 चं, त्यात फोटो जास्त आणि मजकूर कमी, ते नंतरसाठी छान. आधी हवं ते मायकेल फ्रीमन यांचं 2007 चं, त्यात फ्रेमपासून सुरू करून समजावलंय. एक प्रकरण वाचायचं आणि आपल्याच गॅलरीतले जुने फोटो काढून क्रॉप करून बघायचे, आधी कडा तपासायच्या, कोपऱ्यात अर्धवट कापलेली खुर्ची, वायर, कुणाचा हात असं काय काय घुसलंय ते. 'रूल ऑफ थर्ड्स', म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करायचा नियम, लावून सगळे विषय ग्रिडच्या रेषेवर बसवत सुटू नका. माणूस डावीकडे बघत असेल तर त्याच्या नजरेपुढे किती जागा सोडायची हे ग्रिड सांगत नाही.

दोन्ही पुस्तकं एकदम घेतली तर एकही होत नाही. वाटी आणि काचेचा प्रयोग जमला, सावली बघून खिडकी कुठे असेल ते सांगता यायला लागलं, की मगच फ्रीमन उघडा.