चाचणीचा उतारा: अनुवादक निवडताना मी काय बघते

बेळगावात डीटीपी-छपाईचं काम करणाऱ्याला अनुवादाची कामं टाळता येत नाहीत. पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत उरकायच्या असतात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये अहवाल, सभेच्या नोटिसा, पोटनियमांतल्या दुरुस्त्या असं सगळं एकदम अंगावर येतं. मूळ कागद बहुतेक कन्नडात आणि खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडच्या सभासदांना मराठी प्रत हवी. मी स्वतः अनुवाद करत नाही, करून घेते. त्यामुळे हे लिहिणं अनुवाद कसा करावा यावर नाही. पहिल्यांदाच बाहेरच्या माणसाकडून अनुवाद करून घेणाऱ्यानं त्याची पारख कशी करावी, एवढ्यापुरतंच आहे.

आधी जुन्या कामाचा नमुना. तो मागताना सोबत मूळ कन्नड मजकूरही मागायचा. नुसता मराठी नमुना वाचून एवढंच कळतं की कुणीतरी बरं मराठी लिहिलंय. ते याच माणसानं लिहिलं की संपादकानं नंतर सारखं केलं, आणि मुळात तसंच म्हटलं होतं का, यातलं काहीच कळत नाही. नमुन्यात आणखी एक गोष्ट बघायची. एकानं मला नमुना म्हणून दुसऱ्या संस्थेची वसुलीची नोटीस पाठवली होती, कर्जदाराच्या नावगावासकट. अनुवाद ठीक होता, पण त्याला काम दिलं नाही. आज त्यांचे कागद माझ्याकडे आले, उद्या माझे आणखी कुणाकडे जातील.

नमुना पटला तर चाचणी. माझा उतारा साधारण दोनशे शब्दांचा असतो. एवढं फुकट मागायला हरकत नाही, पानंच्या पानं करून घ्यायची असतील तर पैसे द्यावेत. उतारा नेहमीच्या कामातलाच घेते, फक्त नावं आणि आकडे बदलते. कथा-कवितेवर परीक्षा घेऊन नोटिशीचं काम देण्यात अर्थ नाही. एखादी अट असलेलं लांब वाक्य, दोन-तीन आकडे, गावांची नावं, आणि मुद्दाम ठेवलेली एक विसंगती, एवढं उताऱ्यात असावं. माझ्या उताऱ्यात कर्जाची रक्कम आकड्यात ४६,००० आणि अक्षरी चौसष्ट हजार आहे. ती का, ते पुढे येईलच.

सगळा उतारा इथे देत नाही, पण त्यातली दोन वाक्यं अशी आहेत (कन्नड उच्चार आपल्या लिपीत): ‘सालद कंतन्नु नोटीसु तलुपिद हदिनैदु दिनगळ ओळगागि पावतिसतक्कद्दु. तप्पिदल्लि सुस्ति बड्डियोंदिगे जामीनुदाररिंदलू वसूलि माडलागुवुदु.’ गेल्या खेपेला हा उतारा तिघांना दिला होता.

पहिल्याचं उत्तर: ‘कर्जाचा हप्ता नोटीस पोहोचलेल्या पंधरा दिवसांच्या आत भरावा. चुकल्यास सुस्तीच्या व्याजासह जामीनदारांकडून वसुली केली जाईल.’ इथं कन्नड वाक्याचा सांगाडा जसाच्या तसा उभा आहे. ‘नोटीस पोहोचलेले पंधरा दिवस’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. ‘तप्पिदल्लि’ म्हणजे तसं न केल्यास. ‘चुकल्यास’ वाचून सभासदाला वाटेल की फॉर्म भरण्यात काही चूक झाली तर. सहकारातल्या कन्नडात ‘सुस्ति’ म्हणजे थकबाकी, आपल्याकडची सुस्ती म्हणजे आळस. आळसावर व्याज लावलं तर निम्मा गाव कर्जबाजारी होईल. पण यातली सगळ्यात मोठी चूक या सगळ्यांपेक्षा लहान दिसते. ‘जामीनुदाररिंदलू’मधला शेवटचा ‘ऊ’ म्हणजे आपला ‘ही’. वसुली जामीनदारांकडून‘ही’ होणार आहे. तो ‘ही’ गळाला आणि कर्जदार सुटून सगळं ओझं जामीनदाराच्या डोक्यावर आलं.

दुसऱ्याचं उत्तर: ‘सभासदांनी कर्जाचे हप्ते वेळेत भरून संस्थेस सहकार्य करावे, अन्यथा थकीत व्याजासह कडक कारवाई करण्यात येईल.’ वाचायला तिघांत हेच सरस. संस्थेच्या सचिवांना दाखवलं तर ते म्हणाले, ‘हेच घ्या की, छान झालंय.’ मूळ समोर धरून बघा म्हटलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पंधरा दिवस गेले, जामीनदार गेले, आणि मुळात नसलेली ‘कडक कारवाई’ आली. या माणसाला मूळ वाक्य नीट कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचा कंटाळा होता, आणि हाताशी असलेल्या तयार सरकारी वाक्यानं त्यानं ती जागा भरली. पहिल्याच्या चुका वाचताना टोचतात, म्हणून पकडता येतात. याच्या चुका पकडायच्या तर दरवेळी मीच मूळ वाचत बसायला हवं, मग अनुवादक नेमून काय मिळवलं? असा गुळगुळीत अनुवाद मी सगळ्यात धोक्याचा मानते.

तिसरी मुलगी खानापूरकडची. तिचं उत्तर: ‘नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत कर्जाचा हप्ता भरला पाहिजे. न भरल्यास थकबाकीवरील व्याजासह ती रक्कम जामिनदारांकडूनही वसुल केली जाईल.’ ‘जामिनदार’ आणि ‘वसुल’ ऱ्हस्व, पुढे आणखी दोन-तीन ठिकाणी अनुस्वार गायब. हे प्रूफ वाचणारा दहा मिनिटांत दुरुस्त करतो. वाक्य मात्र बरोबर उलगडलंय. ‘पावतिसतक्कद्दु’मध्ये सक्ती आहे, तिनं ‘भरला पाहिजे’ केलं. पोटनियमांच्या कामात हे फार लागतं, कारण तिथं ‘तक्कद्दु’ आलं की करावंच लागतं आणि ‘बहुदु’ आलं की करता येतं. या दोन्हींना सरसकट ‘करावे’ लिहिणाऱ्याच्या हातात पोटनियम देऊ नयेत.

उत्तर पाठवण्याआधी तिचा फोन आला. ‘काकू, एक विचारू काय? रकमेचा आकडा आणि अक्षर जुळत नाहीत. मी दोन्ही आहे तसं ठेवून खाली टीप लिहू, की तुम्ही संस्थेला विचारून सांगताय?’ बाकीच्या दोघांतल्या पहिल्यानं विसंगती तशीच उतरवली होती, बहुधा दिसलीच नसावी. दुसऱ्यानं गुपचूप दोन्हीकडे ६४,००० करून टाकलं होतं. न दिसणं एक वेळ चालेल, पण न विचारता दुसऱ्याच्या कागदातला आकडा बदलणं नाही. काम तिला दिलं, हे सांगायला नको.

तपासताना मी उतारा सलग वाचत नाही. आधी फक्त आकडे, तारखा आणि गावं मुळाशी ताडून बघते. कन्नड अंकांतले सहा आणि नऊ नवख्या डोळ्याला सारखेच दिसतात, त्यामुळे मूळ जुनं किंवा हातानं लिहिलेलं असेल तर तिथं हमखास घोळ होतो. गावांवरून तर माणूस लगेच ओळखू येतो. ‘सवदत्ती’, ‘चिक्कोडी’, ‘निप्पाणी’ असं लिहिलं असेल तर तो कन्नड अक्षरं मराठीत उतरवतोय, आपण सौंदत्ती, चिकोडी, निपाणी म्हणतो हे त्याच्या कानावर नाही. मग ‘नाही’, ‘खेरीज’, ‘पर्यंत’, ‘पासून’, ‘ही’, ‘च’ असे छोटे शब्द बघते. अर्थ उलटतो तो इथंच. शेवटी मूळ बाजूला ठेवून मराठी मोठ्यानं वाचते.

कन्नड वाचता येत नसेल तर? ही अडचण बऱ्याच जणांची असते, विशेषतः निपाणीपलीकडून कोल्हापूरकडून येणाऱ्यांची. मग तपासणी दोन माणसांत वाटायची. कन्नड जाणणाऱ्याला मराठी न दाखवता मूळ उताऱ्याचा मतलब तोंडी सांगायला लावायचा आणि तो लिहून घ्यायचा. मराठी प्रत ज्याच्यासाठी आहे तशा माणसाला वाचायला द्यायची आणि विचारायचं, ‘यात तुम्हाला काय करायला सांगितलंय?’ मी हे आमच्या जाऊबाईंवर करते. दुसऱ्याची प्रत वाचून त्या म्हणाल्या, ‘पैसे भरा म्हणालेत. कधीपर्यंत, ते काय कळंना.’ दोन्ही उत्तरं शेजारी ठेवली की फट दिसते.

एक खूण मला बारकाईच्या माणसाची वाटते. कन्नडात ‘नावु’ एकच, आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. अध्यक्षांच्या मनोगतात ‘नावु ई वर्ष लाभ गळिसिद्देवे’ आलं तर ‘आम्ही नफा मिळवला’ म्हणजे संचालक मंडळानं, ‘आपण’ म्हणजे सभासदांसकट सगळ्यांनी. सभेत बसलेल्या माणसाला हा फरक चांगलाच जाणवतो. चांगला अनुवादक एक निवडतो, शेवटपर्यंत पाळतो, आणि विचारलं तर का निवडलं ते सांगतो. ‘मुळात तसंच होतं’ किंवा ‘डिक्शनरीत हाच शब्द आहे’ असं उत्तर आलं तर समजावं की निवड त्यानं केलेलीच नाही.

लिंगाच्या चुका, म्हणजे ‘रक्कम भरला’, ‘बँक कळवला’ असलं काही दिसलं तर शाळेपासून कन्नडात शिकलेला माणूस आहे एवढंच कळतं. तो मराठीतून कन्नडात उत्तम करत असेल. आपल्याकडे बोलताना दोन्ही भाषा सगळेच वापरतात, त्यामुळे ‘दोन्हीकडून करतो’ असं जो तो सांगतो. मी दोन्ही दिशांची चाचणी वेगळी घेते, आणि दोन्हींत पास झालेला माणूस मला क्वचितच भेटलाय.

दर ठरवताना शब्द कुठल्या भाषेतले मोजायचे ते आधीच बोलून घ्यावं. कन्नडात एका शब्दात बसलेलं ‘पावतिसतक्कद्दु’ मराठीत ‘भरला पाहिजे’ असे दोन शब्द होतं, त्यामुळे मराठी शब्द मोजले तर बिल वाढतं. मी मूळ मजकुराचे शब्द धरते आणि कामाच्या चिठ्ठीवर तसं लिहून देते. पहिलं कामही पाच-सहा पानांचंच देते, संपूर्ण अहवाल नाही, कारण दोनशे शब्दांत जपलेली काळजी पाचव्या पानापर्यंत टिकते का, ते चाचणीत दिसत नाही. तिथं ‘सभासद’चा ‘सदस्य’ आणि पुढे ‘मेंबर’ होऊ लागला की थांबून बोलायचं.