माती परीक्षण अहवालावरून खतांची यादी करताना या चुका टाळा

अहवालात 12 आकडे असले तरी शेतकऱ्याला हवी असते चार ओळींची चिठ्ठी: कोणतं खत, किती किलो, कधी. बहुतेक गोंधळ मधल्या हिशेबात होतो. एक एकर मक्याचं उदाहरण घेऊ. अहवाल म्हणतो: सामू 8.1, उपलब्ध नत्र हेक्टरी 190 किलो, स्फुरद 9, पालाश 410, जस्त 0.45 पीपीएम. पिकाची शिफारस आहे हेक्टरी 120:60:40 किलो नत्र, स्फुरद, पालाश.

पहिली चूक इथेच होते. "जमिनीत 190 किलो नत्र आहे, पिकाला 120 लागतं, मग युरिया कशाला?" हा 190 चा आकडा म्हणजे पिकाला आयतं मिळणारं नत्र नव्हे. तो फक्त कमी, मध्यम की जास्त हे ठरवायला असतो. 280 च्या खाली म्हणजे कमी. स्फुरदही कमी आहे, पालाश मात्र जास्त. प्रचलित पद्धतीनुसार कमी असेल तिथे मात्रा पाव हिश्श्याने वाढवायची, जास्त असेल तिथे तितकीच घटवायची.

दुसरी चूक हेक्टर-एकराची. शिफारस अडीचने भागली की एकरी 48:24:16 होते. वरचा बदल केल्यावर 60:30:12. हे भागायचं राहून गेलं तर एका एकरात अडीच पट खत पडतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची: अन्नद्रव्याचे किलो म्हणजेच खताचे किलो, असं धरणं. डीएपीत 46 टक्के स्फुरद असतं, म्हणून 30 किलो स्फुरदासाठी 65 किलो डीएपी लागतं. त्यातून जवळपास 12 किलो नत्रही येतं. ते वजा केलं की उरतं 48 किलो; युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 105 किलो युरिया. वजा करायला विसरलात तर 130 किलो निघतो, म्हणजे 25 किलो जादा. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये 60 टक्के पालाश, म्हणून 12 साठी 20 किलो.

जस्त 0.6 च्या खाली आहे, म्हणून झिंक सल्फेट 10 किलो. ते डीएपीत मिसळू नका, स्फुरदाबरोबर जस्त अडकून बसतं. शेणखतात मिसळून वेगळं टाका. लोह, तांबं वगैरे मर्यादेच्या वर असतील तर चिठ्ठीत त्यांचं नावही नको.

मग चिठ्ठी अशी होते:

पेरणीआधी: झिंक सल्फेट 10 किलो, शेणखतातून.
पेरणीला: डीएपी 65, युरिया 18, पोटॅश 20 किलो.
30 दिवसांनी: युरिया 43 किलो.
तुरा येण्याआधी: युरिया 44 किलो.

शेवटच्या दोन ओळींपुढे "ओलीवर, मातीआड" एवढं जरूर लिहा. सामू 8.1 असलेल्या जमिनीत वर उघडा पडलेला युरिया अमोनिया होऊन हवेत उडतो, आणि पानं पिवळी दिसली की शेतकरी अहवालालाच चुकीचा ठरवतो.