यूट्यूबच्या कमाईवर जीएसटी नोंदणीची नोटीस आली, तर उत्तर कसे द्यावे

नोटीस हातात आली की आधी ती खरी आहे का ते पाहा. तिच्यावरचा DIN किंवा RFN क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासता येतो. मग फॉर्मचे नाव वाचा. ASMT-14 असेल, तर नोंदणी न घेतलेल्या व्यक्तीवर करआकारणी करण्याची ती तयारी आहे आणि उत्तराला 15 दिवस मिळतात. नुसते विचारणापत्र असेल तर त्यात दिलेली तारीख पाळा.

बहुतेक जण लिहून मोकळे होतात, ‘पैसे परदेशातून येतात, त्यावर कर नाही, म्हणून नोंदणी लागत नाही.’ हे उत्तर टिकत नाही. निर्यातीचा दर शून्य असला तरी ती रक्कम एकूण उलाढालीत धरली जाते. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला 20 लाख रुपये उलाढाल आहे. उलट बाजूने, उलाढाल त्याहून कमी असताना ‘आंतरराज्य पुरवठा आहे, पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी’ असे नोटिशीत म्हटले असेल, तर 13 ऑक्टोबर 2017 ची एकात्मिक कराची अधिसूचना 10/2017 दाखवा. सेवा देणाऱ्यांना त्यात मर्यादेपर्यंत सूट आहे.

आता आकडे वेगळे करायला बसा, कारण नोटिशीतला आकडा अनेकदा बँकेत जमा झालेल्या सगळ्या रकमेवरून काढलेला असतो. समजा, नाशिकच्या एका पाककृती चॅनेलच्या खात्यात 2023-24 मध्ये 27 लाख आले आणि नोटिशीने त्यावर 18 टक्क्यांनी 4.86 लाख मागितले. त्यात 3 लाख नोकरीचा पगार, 2 लाख भावाने घरखर्चाला पाठवलेले. उरले 22 लाख: 17 परदेशी प्लॅटफॉर्मचे, 5 भारतीय ब्रँडच्या जाहिरातींचे. महिनावार बेरीज केली तर 20 लाखांचा टप्पा जानेवारीत ओलांडला गेला. त्यानंतर आले 1.40 लाख परदेशी आणि 60 हजार ब्रँडचे. कर बसतो तो या 60 हजारांवर, म्हणजे 10,800 रुपये आणि वर व्याज.

उत्तरात हा तक्ता जसाच्या तसा द्या. परदेशी रक्कम निर्यात ठरवायला पैसे देणारी कंपनी भारताबाहेरची आहे आणि पैसा परकीय चलनात आला, हे दाखवावे लागते. त्यासाठी प्लॅटफॉर्मच्या पेमेंट पावत्या, करार आणि बँकेचे परकीय जमेचे प्रमाणपत्र जोडा. हे प्रमाणपत्र मागायला आजच बँकेत जा, ते मिळायला वेळ लागतो.

मर्यादा ओलांडलीच असेल तर त्याच वेळी नोंदणीचा अर्ज REG-01 भरा. 30 दिवसांची मुदत उलटल्यावर नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागते, मधल्या काळातला कर मात्र सुटत नाही. नोंदणी मिळताच, कर न भरता निर्यात करता यावी म्हणून RFD-11 मधून हमीपत्र (एलयूटी) द्या. ते दर आर्थिक वर्षी नव्याने द्यावे लागते. उशीर झाला तर परिपत्रक 125/44/2019 नुसार, प्रकरण पाहून, तो माफ होऊ शकतो. उत्तर कार्यालयात दिले तर शिक्क्याची पोच घ्या.