ड्युओटोन पोस्टर: मी दोन आठवडे भलत्याच आकड्याकडे बघत होतो

एकांकिकेच्या पोस्टरसाठी नटाचा क्लोजअप मिळाला होता: अर्धा चेहरा उजेडात, मागे काळा पडदा. फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट मॅप, म्हणजे सावलीपासून उजेडापर्यंत फोटोला दोन रंग देणारी पट्टी, लावायला तीन मिनिटं लागली. तो का फसला हे कळायला दोन आठवडे गेले.

डावं टोक सावलीचं, उजवं उजेडाचं, हे तुम्हाला माहीत असेलच. मी डावीकडे मोरपंखी `#008080` आणि उजवीकडे लाल `#E4002B` ठेवला. रंग झकास, पण चेहरा गायब! नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो, काही कळेना. सीनियरने नीट न बघताच "कॉन्ट्रास्ट वाढव" असं सांगितलं. वाढवला, तरी चेहरा उठेना. फोटोत दोष नव्हताच.

दोष रंगांच्या जोडीत होता. कलर पिकरमध्ये HSB चा B मी पाहिला होता: लाल 89, मोरपंखी 50. म्हटलं, भरपूर अंतर आहे. पण B फक्त लाल-हिरवा-निळ्यातला सगळ्यात मोठा आकडा बघतो. डोळ्याला रंग किती उजळ वाटतो हे त्याला कळत नाही. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा, दोघांचाही B 100 येतो, यावरून काय ते समजा. खरा आकडा त्याच खिडकीतल्या Lab चा L. तिथं माझे दोन्ही रंग पन्नासच्या आसपास होते. म्हणजे सावली आणि उजेड सारख्याच उजळपणाचे, मग चेहरा उठणार कसा?

शेवटी गडद निळा `#1B1464` (L साधारण 14) आणि हळदी पिवळा `#FFC857` (L साधारण 84) घेतला. चेहरा लगेच उभा राहिला. चेहऱ्याच्या फोटोला मी आता L मध्ये पन्नासहून कमी अंतर ठेवत नाही. खात्री करायची असेल तर सगळ्यात वर काळ्या रंगाचा लेयर टाकून ब्लेंड मोड Color करा. राखाडीत चेहरा वाचता आला तर जोडी चालेल. तयार प्रीसेटही याच चाचणीतून काढा. मला तर ते आवडतच नाहीत. तुमचा फोटो पाहून कुणी ते बनवलेले नसतात.

चित्र निगेटिव्हसारखं दिसलं तर घाबरू नका, Reverse वर टिक करा. झालं.

त्वचा मळकट वाटली तर ग्रेडियंट मॅपच्या खाली ब्लॅक अँड व्हाइट लेयर घाला आणि Reds मुळातल्या 40 वरून हळूहळू वाढवा. मी हावरटासारखा 110 वर नेला, तर ओठ गालात विरघळले. 70 ला थांबलो तेव्हा ओठांची कड परत आली, आणि डोळ्याखालची सुरकुतीही. ती दिग्दर्शकाला हवीच होती.