सदोष वस्तूचे पैसे परत कसे मागावेत: तक्रार लिहिण्याची पद्धत

नवी वस्तू बिघडली की दुकानदार म्हणतो, "कंपनीशी बोला." कंपनी सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवते. तिथला माणूस येऊन काहीतरी बदलून जातो आणि महिन्याभरात तोच बिघाड पुन्हा डोकं वर काढतो. या टोलवाटोलवीत वॉरंटी संपते आणि ग्राहकाच्या हातात कागद म्हणावा असा एकही नसतो. म्हणून सुरुवात कागदापासूनच करा.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष माल परत घ्यायला आणि बिलात दिलेल्या मुदतीत पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत नसेल तर ती 30 दिवस धरली जाते. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी ओळ बिलावर छापली म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. मात्र वस्तू चांगली आहे, फक्त रंग आवडला नाही, तर हा हक्क लागू होत नाही. तसंच एका दुरुस्तीत दोष कायमचा गेला असेल, तर पूर्ण पैसे मिळणं अवघड असतं. परताव्याची मागणी खरी भक्कम होते ती तोच दोष दुरुस्तीनंतरही परत आल्यावर.

पहिली पायरी: प्रत्येक भेटीची नोंद. मेकॅनिक आला की जॉबशीट मागा आणि सही करण्याआधी वाचा. त्यावर बऱ्याचदा "मशीन ओके, ग्राहकाला वापर समजावला" असं लिहिलेलं असतं. दोष गेला नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "गळती थांबलेली नाही." तक्रार बंद करण्यासाठी ओटीपी मागितला, तर मशीन चालवून पाहिल्याशिवाय देऊ नका. दोषाचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा.

दुसरी पायरी: पत्र. ते विक्रेता आणि उत्पादक कंपनी, दोघांच्या नावे एकच लिहा, म्हणजे एकमेकांवर ढकलायला जागा राहत नाही. मनस्तापाचं वर्णन टाळा. तारखाच बोलू द्या. समजा, वॉशिंग मशीन गळतंय:

> विषय: वॉशिंग मशीनमधील वारंवार उद्भवणारा दोष व रकमेचा परतावा
>
> मी 4 मार्च रोजी आपल्याकडून 18,500 रुपयांना वॉशिंग मशीन घेतले. मॉडेल व अनुक्रमांक सोबतच्या बिलावर आहेत. 20 मार्चला मशीनच्या तळातून पाणी गळू लागले. 23 मार्चला पाइप व 9 एप्रिलला पंप बदलला. 2 मे रोजी त्याच जागेतून पुन्हा गळती सुरू झाली. दोन्ही जॉबशीटच्या प्रती जोडल्या आहेत.
>
> दोन दुरुस्त्यांनंतरही दोष कायम असल्याने हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत 18,500 रुपये परत करावेत व मशीन आपल्या खर्चाने घेऊन जावे. अन्यथा मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

मागणी एकच आणि स्पष्ट ठेवा. "बदलून द्या किंवा दुरुस्त करा किंवा पैसे द्या" असं लिहिलंत, तर समोरचा स्वतःला स्वस्त पडेल तेच निवडणार, म्हणजे तिसरी दुरुस्ती. पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टनेही पाठवा. पोस्टाची पावती जपा. मूळ बिल मात्र कुणालाही देऊ नका, प्रतच द्या.

ऑनलाइन खरेदी असेल तर पत्राची प्रत त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही पाठवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं.

तिसरी पायरी: उत्तर आलं नाही तर. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवा. हेल्पलाइन कंपनीशी बोलणं करून देते, पण आदेश देऊ शकत नाही. आदेश देतो तो जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते, दुकान कुठेही असो. वकील लावण्याची सक्ती नाही, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. बिल, जॉबशीट, पत्र आणि पोस्टाची पावती जोडा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत हे व्हायला हवं.

दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. त्यामुळे निकाल लागेपर्यंत मशीन बाहेरच्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नका. एकदा बाहेरचा हात लागला की दोष मुळातला होता की त्या दुरुस्तीने झाला, हा वाद कंपनी हमखास काढते.