टेस्टोस्टेरॉन तपासायच्या आधी संध्याकाळचे एनर्जी ड्रिंकचे कॅन मोजा : या चुका टाळा

अभ्यासिकेत दिवसभर बसणारा 26 वर्षांचा एक मुलगा रिपोर्ट हातात घेऊनच दवाखान्यात आला. टेस्टोस्टेरॉन 270, आणि कागदावर खालची मर्यादा 300. दोन महिने झाले, पहाटेची ताठरता नाही, इच्छाही होत नाही, आणि दिवाळीनंतर लग्न. "सर, जिममधला एक जण इंजेक्शन घे म्हणतोय, घेऊ का?"

मी आधी रिपोर्टवरची वेळ पाहिली. रक्त दिलं होतं दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, मेसचं जेवण आणि त्यावर 600 मिलीची कोल्ड्रिंकची बाटली संपवून. पहिली चूक इथेच झाली. हे हार्मोन सकाळी सर्वात जास्त असतं आणि दुपारपर्यंत उतरतं. त्यात त्या बाटलीत साठेक ग्रॅम साखर. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर पुढचे दोन तास टेस्टोस्टेरॉन सुमारे पाव हिश्शाने खाली जातं, हे तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे कमी आलेल्या आकड्यात त्याच्या शरीराचा दोष किती आणि बाटलीचा किती, हे कळायला मार्गच नव्हता. ही तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी करायची, आणि आकडा कमी आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. एका कागदावर निदान होत नाही.

मग मी विचारलं, संध्याकाळी काय पितोस? संध्याकाळी पाचला एक एनर्जी ड्रिंक, रात्री दहाला दुसरं. झोपायला एक, उठायला सहा. "पण सर, ते पिऊनही मला पडल्या पडल्या झोप लागते." ही दुसरी चूक, आणि मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी.

कॅफिन थकवा घालवत नाही. दिवसभर मेंदूत साठत जाणारा अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ 'आता झोप' असं सांगत असतो, त्याची जागा कॅफिन अडवून बसतं. अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. आता हिशेब करू. आपल्याकडच्या 250 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 75 मिलिग्रॅम कॅफिन असतं. पाच वाजताच्या कॅनमधलं रात्री एकला 25 उरलं, दहाच्या कॅनमधलं 50. बेरीज 75. म्हणजे गडी रोज एक अख्खा कॅन अंगात घेऊन अंथरुणावर पडत होता. पाठ टेकताच डोळा लागतो तो दिवसभराच्या शिणामुळे. पण गाढ झोप पातळ होते, रात्री मधूनमधून जाग येते आणि ती सकाळी आठवतही नाही.

टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं. शिकागो विद्यापीठातल्या 2011च्या एका अभ्यासात 10 निरोगी तरुणांना आठ रात्री पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाचं टेस्टोस्टेरॉन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं. पहाटेच्या ताठरतेचंही तसंच. ती मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत येते, आणि ही झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते. सहाचा गजर नेमका तोच तुकडा कापतो. 'कॅफिन मर्दानगी मारतं' असं म्हणणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. सकाळच्या दोन चहांनी काहीही बिघडत नाही. बिघडवते ती त्याची वेळ.

तिसरी चूक त्याने दुसऱ्याच दिवशी केली : सगळं एकदम बंद. संध्याकाळी फोन, डोकं फुटतंय. कॅफिन अचानक सोडलं की दिवसभरातच डोकेदुखी, चिडचिड सुरू होते आणि आठवडाभरही टिकू शकते. मग माणूस घाबरून पुन्हा कॅन उघडतो. म्हणून आम्ही आधी फक्त रात्री दहाचा काढला. पाच दिवसांनी संध्याकाळचा काढला आणि त्याऐवजी दुपारी दोनच्या आत एक चहा ठेवला. मधे तो शुगर फ्री कॅन घेऊन आला होता. त्यात साखर गेली, कॅफिन तेवढंच राहिलं.

झोप साडेअकरा ते साडेसहा. तिसऱ्या आठवड्यात पहाटेची ताठरता परतली. महिन्याने सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिलं, आकडा आला 430. इंजेक्शनचा विषय तिथेच संपला, आणि ते बरंच झालं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू घटतात. लग्नाच्या तोंडावर हे कुणाला हवंय?

जाता जाता, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या अंगात कॅफिन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं. त्यांनी दुपारचीही कॉफी मोजावी.

झोप सुधारूनही महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही, तर खापर कॅनवर फोडू नका. रक्तातली साखर आणि बीपी तपासा, कुठली गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा, घोरत असाल तर तेही सांगा. रोज गोड पेयं पिऊन वाढलेला मधुमेह लिंगाच्या बारीक रक्तवाहिन्यांना आधी त्रास देतो, हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांची पाळी बऱ्याचदा त्यानंतर येते.